काकांना विचारून सांगतो

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या घरगुती फौंड्रीत फोन लावला, की पलीकडून एक उत्तर हमखास ऐकू येतं : "थांबा, काकांना विचारून सांगतो." हे काका मालक नसतात. ऐन पंचविशीत सुपरवायझर म्हणून लागलेले आणि मालकाच्या दोन पिढ्या पाहिलेले ते मॅनेजर असतात. धंद्याचा वारस कोण, मुलगा की पुतण्या, हिस्से कसे पडणार, याची चर्चा घरात जेवणाच्या ताटावर होते. काकांचं वय मात्र त्यांनी स्वतःहून विषय काढेपर्यंत कोणाच्या हिशेबातच नसतं.

असाच एक कारखाना समजू. साठ कामगार, महिन्याला दीडशे टन बिडाचं ओतकाम, माल जातो पंप आणि ट्रॅक्टरवाल्यांकडे. मालक ६६ वर्षांचे, इंजिनिअर झालेला मुलगा ३३ चा. काकांची नोकरी ३१ वर्षांची. फेब्रुवारीत एका संध्याकाळी काका म्हणतात, "मालक, आता बास करावं म्हणतोय." मालकांपुढे लगेच दोन वाटा उभ्या राहतात : जाहिरात देऊन बाहेरचा मॅनेजर आणायचा, नाहीतर मुलाला त्या खुर्चीत बसवायचं. काका एकच काम करत होते, असं दोन्ही वाटांनी धरलेलं असतं, आणि पहिली चूक तिथेच होते.

काकांना "तुम्ही काय काय करता ते लिहून द्या" असं सांगून भागत नाही. ते प्रामाणिकपणे अर्धं पान लिहितील : उत्पादनावर देखरेख, खरेदी, कामगार. जी गोष्ट रोज हातून सहज होते, ती लिहिण्यासारखी आहे असं करणाऱ्याला वाटतच नाही. त्यापेक्षा उपयोगी पडते ती वही. महिनाभर काकांच्या टेबलाजवळ एक माणूस बसवायचा आणि त्यांना कोण येऊन काय विचारतं, एवढंच त्यानं टिपायचं. भट्टीवाला विचारतो, आजची हीट घेऊ का थांबू? हिशेबनीस विचारतो, या पार्टीला माल सोडू का? मोल्डर विचारतो, गावी जायचंय, पाच हजार उचल मिळेल का? महिनाअखेरीस वहीत तीन-चारशे प्रश्न जमतात. ते निवडायला बसलं, की एका खुर्चीत चार-पाच माणसांचं काम साठलेलं दिसतं : ओतकामाची पारख, उधारीचा निर्णय, कामगारांची मनधरणी, गिऱ्हाइकांशी संबंध, आणि कागदोपत्री सही.

कामं अशी साठू न देण्याचं एक जुनं उदाहरण मराठी मुलखातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा यंत्रकामात जांभेकर, कचेरी आणि हिशेबात रेगे, वसाहतीच्या व्यवस्थेत भाऊ रामुअण्णा अशी माणसं होती. एकाच माणसाच्या डोक्यात सगळं राहिलं नाही. पुष्कळ छोट्या कारखान्यांत उलट घडतं. विश्वासू माणूस मिळाला की मालक एकेक काम त्याच्याकडे सरकवत जातात, आणि तोही आनंदाने घेत जातो. यात दोष कोणाचाच नसतो, म्हणून ते कोणाला खुपतही नाही.

या साठलेल्या कामांतलं सर्वांत अवघड असतं ते हाताचं ज्ञान. सकाळी काका मोल्डिंगची वाळू मुठीत दाबतात, ढेकूळ मोडून बघतात आणि म्हणतात, "पाणी जास्त झालंय." वाळूतला ओलावा हवा त्यापेक्षा वाढला, की ओततानाच त्याची वाफ होते, ती कास्टिंगमध्ये अडकते आणि छिद्रं पडतात. ती पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या मशीनवर माल चढल्यावर दिसतात. वाळू तपासायची उपकरणं बाजारात मिळतात, कित्येक कारखान्यांत ती कपाटात पडूनही असतात. काकांची मूठ असताना ती काढणार कोण?

इथे एक साधी युक्ती चालते. दर दोन तासांनी आधी काकांनी हाताने अंदाज सांगायचा, मग उपकरणाचा आकडा घ्यायचा आणि दोन्ही शेजारी-शेजारी लिहायचे. काका "चांगली" म्हणतात तेव्हा आकडा किती असतो आणि "थांबवा" म्हणतात तेव्हा किती, हे काही आठवड्यांत कळू लागतं. मग तोच आकडा भट्टीपाशी फळ्यावर लिहिता येतो आणि फोरमन त्यावर निर्णय घेऊ शकतो. काकांची सगळी पारख यातून उतरत नाही. वितळलेल्या धातूच्या रंगावरून ते जे ओळखतात, ते एवढ्या सहज आकड्यात येत नाही. पण रोजचे बरेच प्रश्न फळ्यावरच सुटतात.

ही नोंद पावसाळ्यात व्हायलाच हवी. उघड्यावरचा स्क्रॅप ओला होतो, आणि ओला स्क्रॅप वितळलेल्या धातूत पडला तर पाण्याची एकदम वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. कुठल्या ढिगातला माल आधी वाळवायचा, हे काका जुलैत रोज सांगतात आणि डिसेंबरात त्यांना ते आठवतही नाही. माणसांचंही तसंच. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गावकरी कामगार कमी होतात, होळीला उत्तरेकडचे मोल्डर घरी जातात, दिवाळीपूर्वी बोनसची बोलणी होतात, मार्चअखेर गिऱ्हाइकांची घाई होते. मॅनेजरचं काम वर्षाच्या चाकावर फिरतं. म्हणून तीन महिन्यांच्या नोटिशीत चार्ज देता येत नाही. सगळे ऋतू एकदा तरी नव्या माणसाच्या अंगावरून जावे लागतात. आपल्या कारखान्यात काकांनी फेब्रुवारीत सांगितलं. पुढच्या वर्षीचा एप्रिल संपेपर्यंत त्यांना थांबवून घेतलं, तर हे जमतं.

उधारीचं काम मुलाकडेच द्यावं. कारण तिथे कुटुंबाचा पैसा अडकतो आणि नाही म्हणण्याचं वजन मालकाच्या माणसाला असतं. पण खातेवहीत जे दिसतं त्यापेक्षा काकांना जास्त माहीत असतं. एका पार्टीचं बिल ४५ दिवसांचं, पैसे येतात सत्तराव्या दिवशी, पण बुडत नाहीत. दुसरी वेळेवर देते, पण ऑर्डर एकदम दुप्पट केली की सावध व्हायचं. अशा चाळीस गिऱ्हाइकांची चाळीस पानं काकांनी सांगायची आणि मुलानं लिहायची. भेटीही टप्प्याने व्हाव्यात. पहिल्या खेपेला काका बोलतात, मुलगा ऐकतो. दुसऱ्या खेपेला मुलगा बोलतो, काका शेजारी बसतात. तिसऱ्या खेपेला मुलगा एकटा जातो. या तिसऱ्या भेटीनंतर गिऱ्हाईक भावाबद्दल फोन कोणाला करतं, त्यावरून काम खरंच सरकलं की नाही ते समजतं.

उत्पादनाची जागा फोरमनला मिळाली, तर मुलाच्या मनात थोडी सल राहते आणि फोरमनच्या मनात थोडी भीती. यावर उपाय एकच : कोणाचा शब्द कुठे शेवटचा, हे मालकांनी दोघांसमोर सांगायचं आणि मग स्वतः ते मोडायचं नाही. मालकच ते मोडतात, हा सार्वत्रिक अनुभव.

कागदाचं काम किरकोळ वाटतं, पण धंदा अडतो तो तिथेच. जीएसटीच्या पोर्टलवर अधिकृत सही करणारे म्हणून काकांचं नाव, भविष्य निर्वाह निधीच्या लॉगिनला त्यांचा मोबाइल, वीजबिलाच्या खात्याला तोच नंबर, बँकेच्या एका खात्यालाही तोच. काका गावी शेतावर असतात आणि ओटीपी त्यांच्या खिशात वाजतो. सही करणारा तेवढा एकच असेल आणि त्याचा नंबर बंद झाला, तर जीएसटीच्या कार्यालयात अर्ज घेऊन जावं लागतं. त्यामुळे दुसरं नाव काका नोकरीत असतानाच जोडावं आणि सगळे नंबर कंपनीच्या सिमकार्डावर आणावेत.

काकांच्या पैशाचाही हिशेब आधीच व्हावा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सूत्र तेच आहे, पण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. काकांना महिना ६०,००० मिळतात आणि मूळ पगार फक्त २०,००० दाखवलाय, असं धरू. बाकीचे सगळे ४०,००० भत्ते असतील, तर निम्म्यावरचे १०,००० वेतनात येतात आणि ३१ वर्षांचे ३,५७,६९२ ऐवजी ५,३६,५३८ रुपये होतात. देय झाल्यापासून तीस दिवसांत ही रक्कम द्यायची असते. आधी तरतूद केली नसेल, तर ती खेळत्या भांडवलातून जाते, आणि "काका घरचेच आहेत, बघू" असं म्हणत ती टप्प्याटप्प्याने दिली जाते. असा निवृत्त माणूस नव्या मॅनेजरला मनापासून फोन का उचलेल?

जाण्याचा दिवस ठरवून ठेवणं मोठ्या घराण्यांनाही सोपं गेलेलं नाही. रतन टाटा १९९१ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झाले, तेव्हा समूहातल्या कंपन्यांत अनेक वर्षं एकहाती कारभार करणारे ज्येष्ठ अधिकारी होते. पुढच्या वर्षी निवृत्तीच्या वयाचा नियम आला. १९३९ मध्ये टिस्कोत लागलेले आणि १९८४ पासून अध्यक्ष असलेले रुसी मोदी १९९३ मध्ये, पंचाहत्तरी झाल्यावर, बाहेर पडले. त्याआधीचा वाद वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचला होता. छोट्या कारखान्यात वाद होत नाही, तिथे उलट अडचण असते. काका "सल्लागार" होतात आणि त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीत बसून राहतात. मग कामगार साहजिकच जुन्या दाराशी जातात.

म्हणून निवृत्तीपूर्वी चार महिने काकांना पंधरा दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं आणि फोन कंपनीकडे ठेवून घ्यावा. त्या पंधरवड्यात कारखाना जिथे जिथे अडतो, ती यादी उरलेल्या महिन्यांचं काम ठरवते. निवृत्तीनंतर सल्ला हवाच असेल, तर आठवड्यातून दोन दिवस, सहा महिने, ठरलेल्या मानधनावर आणि बसायला दुसरी खोली. काकांना कोणी कशासाठी फोन केला, हे त्या काळातही पुन्हा वहीत लिहायचं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, तर ते काम कोणाकडे गेलेलंच नाही असं समजून त्याला नाव लावायचं. आपल्या कारखान्यात अशी शेवटची राहिलेली गोष्ट निघते ती माळ्यावरची : वीस वर्षांपूर्वीच्या पंपांचे लाकडी पॅटर्न, बरेचसे गिऱ्हाइकांच्या मालकीचे, एकावरही नंबर नाही. एका शनिवारी काका रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माळ्यावर चढतात. खाली फोरमन वही धरून उभा असतो.