एकच चित्र, दोन रसायने

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायपोक्लोराइटचे तीव्र द्रावण, दोन्हींच्या कॅनवर लाल चौकटीत हात व धातू खाणाऱ्या थेंबांचे चित्र असते आणि ‘डेंजर’ हा शब्द. ‘वॉर्निंग’पेक्षा तो अधिक तीव्र धोका सांगतो. पण ही दोन एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे चित्र सांगत नाही. ते धोक्याच्या वाक्यांत शोधावे लागते.

कॅनमध्ये काय आहे हे रोजच्या कामगाराला वासावरून कळतेच, असे म्हणतात. पण रिकाम्या कॅनच्या तळाशी उरलेल्या द्रवाचा वास घेणे हाच धोका आहे. म्हणून एका कॅनमधून दुसऱ्यात ओतण्यापूर्वी रसायनाचे नाव, तीव्रता आणि धोक्याची वाक्ये वाचावीत. नवा कॅन स्वच्छ, योग्य प्लास्टिकचा आहे ना पाहावे आणि त्यावर मूळ कॅनवर असते तेच लेबल आधी चिकटवावे. लेबल नसलेल्या कॅनमध्ये काहीही ओतू नये.