रिकाम्या जागेच्या उजवीकडे पाहा

'पुस्तक टेबलावर आहे' हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. पण त्यात 'टेबल' या शब्दाचे 'टेबला' झाले, आणि मग त्याला 'वर' येऊन चिकटला, याकडे आपले लक्षही जात नाही. आपल्या भाषेत नामाला आधी सामान्यरूप घ्यावे लागते, आणि प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय त्याच्या पाठीमागून येते. इटालियन भाषेत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. तिथे नाम जसेच्या तसे राहते. जे काही जुळायचे आणि बदलायचे ते नामाच्या आधीच जुळून बदलून घेते. इटालियन शिकणाऱ्याच्या वहीत सर्वांत जास्त लाल खुणा पडतात त्या याच जागी. म्हणून आज एवढ्याच एका गोष्टीकडे पाहू.

इटालियनमध्ये नामाच्या आधी बहुधा एक लहानसा शब्द असतो. त्याला आपण उपपद म्हणू. पुल्लिंगी एकवचनाला 'इल' किंवा 'लो', स्त्रीलिंगी एकवचनाला 'ला'. अनेकवचनात पुल्लिंगी नामाला 'इ' किंवा 'ल्यी', आणि स्त्रीलिंगीला 'ले'. नपुंसकलिंग नाहीच, ही त्यातल्या त्यात सोय. मूळ लॅटिनमध्ये असले उपपद नव्हते. 'तो, ती' अशा अर्थाचा 'इल्ले' हा शब्द झिजत झिजत उपपद झाला. आता या उपपदाच्या आधी 'मध्ये' अर्थाचा 'इन', 'चा' अर्थाचा 'दि', 'वर' अर्थाचा 'सु', 'ला' अर्थाचा 'आ' किंवा 'पासून, कडून' अर्थाचा 'दा' आला, की दोघांचा संधी होतो. हा संधी ऐच्छिक नाही. 'इन इल' असे कोणी म्हणत नाही. 'नेल' असेच म्हणावे लागते. 'दि इल'चे 'देल' होते, 'सु इल'चे 'सुल'. 'ला' असेल तर 'नेल्ला, देल्ला, सुल्ला'. 'इन'चा 'ने' आणि 'दि'चा 'दे' होतो, एवढे ध्यानात ठेवले की पुढची रूपे आपोआप तयार होतात.

मग चूक होते कुठे? पहिली चूक आपल्या मराठीतूनच येते. आपण 'मुलाचे पुस्तक' म्हणतो आणि 'मुलाची वही' म्हणतो. 'चे' आणि 'ची' हा फरक पुस्तकामुळे आणि वहीमुळे पडला. मुलगा तोच आहे. इटालियन 'देल' मात्र वस्तूकडे ढुंकूनही पाहत नाही. तो फक्त मालकाकडे पाहतो. मुलगा म्हणजे 'रागात्सो', पुल्लिंगी. म्हणून पुस्तक असो की लेखणी असो, 'इल लीब्रो देल रागात्सो' आणि 'ला पेन्ना देल रागात्सो'. मुलगी असेल तर दोन्हीकडे 'देल्ला रागात्सा'. मराठी विद्यार्थी लेखणी स्त्रीलिंगी पाहून 'देल्ला रागात्सो' लिहून बसतो. तेव्हा नियम साधा आहे: रिकाम्या जागेच्या डावीकडे पाहू नका, उजवीकडे पाहा.

उजवीकडे पाहायचे म्हणजे दोन गोष्टी पाहायच्या. एक, नामाचे लिंग आणि वचन. आणि दुसरी, रिकाम्या जागेला लागून जो शब्द आहे त्याचा पहिला उच्चार. पुल्लिंगी शब्द 'स' आणि त्याला जोडलेल्या व्यंजनाने सुरू झाला, किंवा 'झाइनो' म्हणजे पाठीवरची पिशवी या शब्दासारखा सुरू झाला, तर 'इल'ऐवजी 'लो' येतो. आरसा म्हणजे 'स्पेक्क्यो'. म्हणून आरशात हे 'नेल्लो स्पेक्क्यो'. विद्यार्थ्यांचा हे 'देल्यी स्तुदेंती'. शब्द स्वराने सुरू झाला तर एकवचनी उपपदाचा शेवटचा स्वर गळतो, आणि दोन्ही शब्द एका श्वासात म्हटले जातात: कपाट म्हणजे 'आर्मादियो', तर कपाटात हे ऐकताना 'नेल्लार्मादियो' असेच ऐकू येते.

पण ही 'लो'ची गडबड फक्त पुल्लिंगी नामांची. शाळा म्हणजे 'स्क्वोला', ती स्त्रीलिंगी. तिथे 'स' आणि जोडाक्षर असूनही 'देल्ला स्क्वोला'च राहते. शिवाय शेवटच्या अक्षरावरही डोळे मिटून विसंबू नका. हात म्हणजे 'मानो', शेवटी 'ओ' आहे पण शब्द स्त्रीलिंगी. म्हणून 'नेल्ला मानो'.

आणखी एक गंमत पाहा. 'पिशवीत' हे 'नेल्लो झाइनो'. पण 'नव्या पिशवीत' म्हणायचे असेल, आणि 'नवा' अर्थाचा 'न्वोव्हो' हा शब्द मध्ये आला, तर 'नेल न्वोव्हो झाइनो' असे होते. लागून असलेला शब्द बदलला, 'झ'चा अधिकार संपला. उलट 'त्याच कपाटात' म्हणताना 'स्तेस्सो' हा शब्द मध्ये आला, तर 'नेल्लो स्तेस्सो आर्मादियो'. लिंग नामाचे, पण उच्चाराचा नियम शेजाऱ्याचा.

आता एक वाक्य पुरे करून पाहू. 'इल लीब्रो ए — ताव्होलो — कुचीना — मिया झीआ.' अर्थ असा: पुस्तक माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. ('झीआ' म्हणजे मावशीही आणि आत्याही, इटालियनला हा भेद नाही.)

पहिल्या जागी 'वर' हवा. 'ताव्होलो' पुल्लिंगी, साध्या व्यंजनाने सुरू होतो. म्हणून 'सुल ताव्होलो'. दुसऱ्या जागी 'मध्ये'. 'कुचीना' स्त्रीलिंगी, म्हणून 'नेल्ला कुचीना'. तिसऱ्या जागी 'चा', आणि झीआ स्त्रीलिंगी, म्हणून हात आपोआप 'देल्ला' लिहू लागतो. थांबा! एकवचनी नातेवाइकाच्या आधी 'माझा, तुझा' असा शब्द असला, की उपपद गळते. 'मिया झीआ' म्हणतात, 'ला मिया झीआ' नाही. उपपदच नाही तर संधी कशाशी? तिथे नुसते 'दि' राहते: 'इल लीब्रो ए सुल ताव्होलो नेल्ला कुचीना दि मिया झीआ.' मावश्या दोन असल्या तर उपपद परत येते, आणि 'देल्ले मिए झीए' होते.

दुसऱ्या जागेवर थोडे अधिक बोलायला हवे. 'मी स्वयंपाकघरात आहे' असे नुसते सांगायचे असेल तर इटालियन माणूस 'इन कुचीना' म्हणतो, संधी न करता. पण कोणाचे किंवा कोणते स्वयंपाकघर, हे पुढे सांगितले की 'नेल्ला' येते. 'इटलीत' हे 'इन इतालिया', पण 'उत्तरेकडच्या इटलीत' म्हटले की 'नेल्ल' इतालिया देल नोर्द'. विशेषण किंवा षष्ठी मागून आली की उपपद जागे होते, असे समजा. नुसत्या जागेच्या नावांपैकी कोणती अशी उपपदावाचून येतात, ते मात्र एकेक करून पाठच करावे लागते. त्याला पक्का नियम नाही.

सगळ्याच अव्ययांचा संधी होतो असेही नाही. 'साठी' अर्थाचा 'पेर', आणि 'दोहोंमध्ये' अर्थाचे 'त्रा' व 'फ्रा' हे सुटेच राहतात: 'पेर इल रागात्सो'. 'सह' अर्थाचा 'कोन' मधल्यामध्ये आहे. 'कोन इल' आणि 'कोल' दोन्ही चालतात. मात्र 'कोल्लो' आणि 'कोल्ला' ही रूपे आज बहुधा टाळतात, कारण 'कोल्लो' म्हणजे मान आणि 'कोल्ला' म्हणजे चिकटवायचा गोंद.

तेव्हा रिकामी जागा दिसली की हा क्रम ठेवा. आधी विचारा, इथे उपपद आहे का? असेल तर नामाचे लिंग आणि वचन पाहा. मग लागून असलेल्या शब्दाचा पहिला उच्चार ऐका. आणि सर्वांत शेवटी संधी करा. विद्यार्थी बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि म्हणून मावशीच्या दाराशी अडखळतो.

जाता जाता दोन जागा आपल्यासाठी ठेवतो. 'माझ्या वडिलांच्या पिशवीत' याचे इटालियन करा: '— झाइनो — मियो पाद्रे.' उत्तर 'नेल्लो' आणि 'दि' असे आले असेल, तर आपण उजवीकडे पाहायला शिकलात.