उत्तोलनाचे गणित आणि अग्रहक्क लाभांश

अंशदानास परिचालन नफ्याने भागले असता परिचालन उत्तोलन मिळते. त्याचा उगम स्थिर खर्चात असतो. वित्तीय उत्तोलनाचा उगम व्याज व अग्रहक्क भागांवरील लाभांश यांत. उदाहरणादाखल, एका कारखान्याची विक्री १२,००,००० रुपये, चल खर्च विक्रीच्या शेकडा ६० आणि स्थिर खर्च २,४०,००० रुपये आहे असे समजावे. अंशदान ४,८०,००० व परिचालन नफा २,४०,००० येतो. अर्थात परिचालन उत्तोलन २.

व्याज ८०,०००, अग्रहक्क लाभांश ३०,००० आणि कराचा दर शेकडा २५. परीक्षार्थी बहुधा येथे घसरतो. व्याज करापूर्वी वजा होते. लाभांश मात्र कर भरून उरलेल्या नफ्यातून द्यावा लागतो. म्हणून ३०,००० रुपयांसाठी करपूर्व ४०,००० रुपये मिळवावे लागतात. परिचालन नफ्यातून ही दोन्ही ओझी वजा जाता १,२०,००० उरतात. या रकमेने परिचालन नफ्यास भागल्यास वित्तीय उत्तोलन २ येते, आणि दोहोंचा गुणाकार, म्हणजे संयुक्त उत्तोलन, ४. लाभांश तसाच वजा केला तर वित्तीय उत्तोलन १.८५ दिसते व जोखीम कमी भासते.

उत्तराचा पडताळा सोपा आहे. विक्री शेकडा १० ने घटल्यास परिचालन नफा १,९२,००० होतो, आणि व्याज, कर व अग्रहक्क लाभांश वजा जाता सामान्य भागधारकांसाठी ९०,००० ऐवजी ५४,००० उरतात. घट नेमकी शेकडा ४०.

परंतु हा ४ चा आकडा १२,००,००० च्या विक्रीपुरताच खरा. घटलेल्या विक्रीवर तेच गणित पुन्हा मांडल्यास संयुक्त उत्तोलन ६ येते.