दगडी शाळा भूकंपात कुठून मोडते?

शाळेच्या इमारतीची भूकंप-तपासणी म्हणजे जोराचा धक्का बसला तर ती इमारत कुठून आणि कोणत्या क्रमाने मोडेल, हे आधीच शोधून काढणे. अहवालात इमारतीच्या उणिवा लिहिलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे मजबुतीचे उपाय क्रमाने मांडलेले असतात. हा क्रम खर्चावरून लावलेला नसतो. कोणती गोष्ट आधी मुलांच्या अंगावर येईल, यावरून तो ठरतो.

शाळांचा वेगळा विचार का करावा लागतो, हे भूकंपांच्या वेळा सांगतात. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा, दोन्ही भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाले. त्या वेळी वर्ग रिकामे होते. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरचा भूकंप मात्र सकाळी पावणेनऊनंतर, भरल्या शाळांवर आला. पाकिस्तानच्या बाजूला सुमारे १७ हजार विद्यार्थी शाळांच्या इमारतींखाली गेले. भारतीय मानकात शाळेसाठी महत्त्व-गुणक १.५ धरला आहे तो यासाठीच. साध्या घराच्या दीडपट बलाला शाळा पुरी पडली पाहिजे, असा त्याचा अर्थ.

कोयनेच्या खोऱ्यात सापडते तशी एक नमुन्याची शाळा उदाहरणासाठी घेता येईल. एका रांगेत तीन वर्ग आहेत, प्रत्येक साडेसात मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. भिंती दगडाच्या, ४५ सेंटिमीटर जाडीच्या आणि ३.२ मीटर उंच. सांधे मातीचे, वरून सिमेंटचा गिलावा. छप्पर लाकडी कैच्यांवर, वर मंगळुरी कौले. दोन्ही टोकांच्या भिंती छपराच्या उताराबरोबर वर त्रिकोणी झालेल्या. बाहेरून पाहिले तर इमारत ठणठणीत दिसते, कारण दर दोन-तीन वर्षांनी तिला रंग लागतो.

तपासणीतले पहिले काम हा गिलावा उकरण्याचे. निरनिराळ्या भिंतींवर मीटरभर चौरसाचे तुकडे निवडून गिलावा काढतात आणि दगड उघडे करतात. सांध्यातला मसाला खिळ्याने खरवडून पाहतात. तो भुसभुशीत होऊन गळू लागला, तर माती आहे. खिळा नुसता घासला जात असेल, तर चुना किंवा सिमेंट. मग हातोडीने भिंतीवर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकतात. भरीव भिंतीचा आवाज घट्ट येतो, आतून सुटलेल्या भिंतीचा बद्द. ओळंबा सोडला की भिंतीला पोट सुटले आहे का, तेही कळते. शेवटी एका जागी मधला दगड हलक्या हाताने काढून आत पाहतात, आणि अशा शाळांची खरी उणीव बहुधा इथेच सापडते.

ती अशी : ४५ सेंटिमीटरची भिंत ही प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असते. बाहेरच्या तोंडाला चांगले घडीव दगड, आतल्या तोंडाला दुसरे दगड, आणि दोहोंच्या मधे डबर, चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड बांधताना टाकलेलाच नसतो, कारण तेवढा लांब दगड महाग पडतो आणि गिलाव्याखाली त्याची उणीव दिसत नाही. भूकंपात भिंत हलू लागली की मधली भर खाली सरकते, पाचरीसारखी दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते आणि बाहेरचे तोंड सुटून पडते. किल्लारीला जाड भिंतींच्या घरांनी सुमारे आठ हजार माणसांचे प्राण घेतले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. भिंत जाड आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समज त्या रात्री खोटा ठरला. जाडी वाढली की वजन वाढते, आणि भूकंपाचे बल वजनाच्या प्रमाणात येते.

त्या बलाचा हिशेब अवघड नाही. या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे २.३ टन धरले तर भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा ३.३ टन भरतो, आणि वर्गाची सहा मीटरची आडवी भिंत सुमारे २० टन. २०१६च्या भारतीय मानकानुसार कोयना परिसर चौथ्या भूकंप-क्षेत्रात येतो. त्या क्षेत्राचा गुणक, शाळेचा महत्त्व-गुणक आणि पट्टे नसलेल्या दगडी बांधकामाचा गुणक यांवरून आडवे बल वजनाच्या ३० टक्के निघते. म्हणजे एका आडव्या भिंतीच्या स्वतःच्या वजनामुळेच तिच्यावर सहा टनांचा आडवा रेटा. मातीचे सांधे दाब सोसतात, ताण मात्र जवळजवळ शून्य सोसतात.

दुसरी उणीव टोकाच्या भिंतींच्या त्रिकोणात असते. सहा मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच असा त्रिकोण सुमारे साडेपाच टन वजनाचा होतो, आणि त्याला वरून कसलाच आधार नसतो. भूकंपात तो सर्वांत आधी मोकळा होऊन बाहेर किंवा वर्गात पडतो. बाहेर पडला तरी निर्धास्त होता येत नाही, कारण मुले पळून येतात ती बहुधा याच भिंतीच्या कडेच्या अंगणात.

तिसरी उणीव जोडांची. छपराच्या कैच्या भिंतीवर नुसत्या ठेवलेल्या असतात. जोत्याला, दारे-खिडक्यांच्या वर किंवा छपराखाली सलग पट्टा नसतो. समोरच्या भिंतीत प्रत्येक वर्गाला १.२ मीटरच्या दोन खिडक्या आणि एक मीटरचे दार, म्हणजे साडेसातपैकी ३.४ मीटर उघाडी. भिंतीचा जवळजवळ निम्मा भाग असा पोकळ होतो, आणि दार कोपऱ्याला खेटून असेल तर कोपरा जोडून धरायला काही उरत नाही. अशा इमारतीतील तडे वाचायला सोपे असतात. कोपऱ्यावरचा उभा, वर रुंद होत जाणारा तडा दोन भिंती वेगळ्या होत असल्याचे सांगतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा भिंतीच्या लांबीच्या दिशेने आलेल्या रेट्याचा असतो. जोत्याजवळून निघून वर चढणारा तडा मात्र बहुतेक वेळा भूकंपाचा नसतो. तो पाया खचल्याचा असतो, आणि तिथे खड्डा खणून पायाची खोली व माती पाहिल्याशिवाय पुढचे काहीच ठरवता येत नाही.

या उणिवांपुढे उपायांचा क्रम लागतो तो असा. पहिल्या जागी त्रिकोण. तो जोडापर्यंत उतरवून त्या जागी लाकडी चौकटीवर पत्रा किंवा फळ्या बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारा उपाय आहे. त्याच वेळी कैच्या भिंतीला बोल्टने बांधतात आणि कैच्यांच्या पातळीवर तिरप्या पट्ट्या देऊन छपराला आडवे ताठ करतात. कौलांचे छप्पर एरवी भिंतीला धरून ठेवत नाही. ही कामे शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत आटोपतात.

दुसऱ्या जागी भिंत एकजीव करणे. भिंतीत साधारण दर चौरस मीटरला एक भोक पाडून त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवतात आणि काँक्रीट भरतात. न टाकलेला आरपार दगड असा मागाहून घातला जातो. हे भोक पाडताना घण वापरायचा नसतो. छोट्या पहारीने दगड हळूहळू सैल करून काढावा लागतो, नाहीतर शेजारचे दगड हलतात आणि मजबुतीच्या कामातच भिंत ढासळते.

त्यानंतर पट्टे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून ठेवते, तसा छपराखालचा आणि दारे-खिडक्यांच्या वरचा पट्टा चारही भिंतींना एकत्र आवळतो. कामाची रीत ठरलेली आहे : गिलावा काढणे, सांधे सुमारे दोन सेंटिमीटर खोल उकरणे, तारेच्या ब्रशने धुणे, सिमेंट-वाळूच्या एकास तीन मसाल्याचा पहिला थर देणे, तो ओला असतानाच वेल्ड केलेली जाळी लांब खिळ्यांनी ठोकणे, वर दुसरा थर देणे आणि दहा-पंधरा दिवस पाणी मारणे. कोपऱ्यांवर आणि दारे-खिडक्यांच्या कडेला अशाच उभ्या पट्ट्या येतात. आडवे पट्टे आणि उभ्या सळया असलेल्या नव्या बांधकामासाठी मानक त्याच क्षेत्रात आडवे बल ३० टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणते, कारण अशी भिंत तडकली तरी लगेच कोसळत नाही. जुन्या भिंतीला वरून पट्टे दिले की नेमकी तेवढी सूट मिळते असे नाही, पण फायद्याची दिशा तीच असते.

इथे क्रमाला मोठे महत्त्व आहे. आरपार सळया आधी आणि पट्टे नंतर, असेच काम व्हायला हवे. सुटलेल्या दोन तोंडांवर पट्टा दिला तर तो फक्त बाहेरच्या तोंडाला धरतो आणि त्याला घेऊनच पडतो. प्रत्यक्षात पट्ट्यांच्या कामात आणखी दोन चुका वारंवार होतात. जाळी कोपऱ्यावर थांबवली जाते, म्हणजे जिथे तिची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच पट्टा तुटतो. आणि आतल्या बाजूचा पट्टा गाळला जातो, कारण फळे आणि कपाटे हलवावी लागतात. वर रंग चढल्यावर दोन्ही दिसत नाहीत. म्हणून दुसरा थर चढण्याआधी कोपऱ्यांचे फोटो घेणे आणि मोजमाप-पुस्तिकेत नोंद करणे, ही अट कामाच्या निविदेतच घालावी लागते.

तिसऱ्या जागी साडेसात मीटरच्या लांब भिंतींना बाहेरून टेकू-भिंती देणे आणि कोपऱ्याजवळचे दार बुजवून दुसरीकडे काढणे. सर्व भिंतींना दोन्ही अंगांनी जाळी आणि काँक्रीटचे आवरण देणे हा उपाय चौथा. तो परिणामकारक आहे, पण महाग आहे, आणि भिंतीचे वजन वाढल्याने पायाही तपासावा लागतो. पाया खचलेला असेल किंवा भिंतीला बऱ्याच ठिकाणी पोट सुटले असेल, तर इमारत उतरवून नवी बांधणे हाच खरा सल्ला, आणि अहवालात तो स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा.

एक मागणी गावकऱ्यांकडून हमखास येते : कौले काढून स्लॅब टाका, म्हणजे शाळा पक्की होईल. १२ सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३०० किलो वजनाचा असतो, म्हणजे ४५ चौरस मीटरच्या एका वर्गावर साडेतेरा टन. कौलांचे वजन याच्या जेमतेम चौथा हिस्सा. स्लॅब भिंतींना वरून एकत्र धरतो हे खरे, पण मातीच्या सांध्यांच्या, आतून दुभंगलेल्या भिंतींवर तो टाकला तर रेटा वाढतो आणि भिंत गेली की स्लॅब अखंड खाली येतो. अशा शाळेच्या अहवालात हा पर्याय क्रमाच्या बाहेर ठेवून त्याखाली कारणासह नकार लिहायचा असतो.