सोळा मात्रांत मित्राचा वाढदिवस



आज प्रयोगशाळेबाहेरचा विषय घेतोय, पण पद्धत आपलीच आहे: आधी निरीक्षण, मग मोजमाप, मग चाचणी.

सोमेश्वरनगरला माझा एक शाळूसोबती आहे. मी एम.एस्सी.ला आणि पुढे पीएच.डी.ला गेलो, तो घरच्या उसात राहिला. मुलाखत असो की फेलोशिपची कागदपत्रं, पहाटे पुण्याची गाडी गाठायला मला नीरेपर्यंत तोच मोटारसायकलवर सोडायचा. शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, त्यामुळे तो रात्रभर उसाला दारं धरून तसाच चिखलाच्या पायांनी यायचा. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला मातीचा बांध फोडायचा आणि परत घालायचा, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात.) आणि मी दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला काय पाठवायचो? कुणीतरी मला पाठवलेलं, फुलं आणि केक असलेलं चित्र. यंदा ठरवलं, दोन ओळी का होईना, आपल्या लिहायच्या.

पहिल्या प्रयत्नात हे जमलं:

मैत्री अपुली अशीच राहो,
सुखात सारे आयुष जावो.

मोजून पाहिलं तर दोन्ही ओळी बरोबर सोळा मात्रांच्या. मात्रा मोजणं सोपं आहे. अ, इ, उ हे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ओ असलेलं अक्षर गुरू, त्याच्या दोन. अनुस्वार असेल तरी दोन. पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला, तर तेही गुरू होतं. म्हणून ‘आयुष्य’ म्हणताना ‘यु’वर जोर येतो आणि शब्द पाच मात्रांचा होतो. ‘तुझ्या’ म्हणताना मात्र ‘तु’वर जोर येत नाही, म्हणून त्याच्या तीनच. थोडक्यात, शंका आली की कागदाकडे पाहायचं नाही, शब्द मोठ्याने म्हणायचा.

आठ अधिक आठ अशा सोळा मात्रांच्या या ओळीला पादाकुलक म्हणतात. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठीतल्या अशा रचनांचं सविस्तर वर्गीकरण आहे. या कामासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ साली डी.लिट. दिली. तेव्हा मात्रा मोजणं हा रिकामटेकडा उद्योग नाही, रीतसर संशोधनाचा विषय आहे!

मग माझ्या ओळींत बिघडलं काय? दोन गोष्टी. एक, ‘आयुष्य’ पाच मात्रांचा, तो बसेना म्हणून मी त्याचा ‘आयुष’ केला. असा शब्द मी आयुष्यात कधी बोललेलो नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. हीच ओळ मी माझ्या गाईडना, मामांना किंवा मेसवाल्या काकांना पाठवली असती तरी चालली असती. प्रयोगात आपण कंट्रोल ठेवतो ना, तशी ही चाचणी आहे: ओळ दुसऱ्याच कुणाला पाठवून बघायची, मनातल्या मनात. तिथेही ती फिट बसली, तर ती तुमच्या मित्राची नाही.

म्हणून मागे आलो आणि आधी साधं वाक्य लिहिलं, कवितेचा विचारही न करता:

“तू रात्रभर दारं धरून पहाटे मला नीरेला सोडायचास, ते मी विसरलो नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा.”

हे वाक्य दुसऱ्या कुणाला जात नाही. आता एवढं सगळं दोन ओळींत कोंबायचा मोह होतो. मी कोंबून पाहिलं. पहाट, गाडी, नीरा, ऊस आले की क्रियापदाला जागाच उरत नाही. त्यामुळे यातली एकच गोष्ट निवडली, त्याचं जागरण. दुसरा प्रयत्न असा सुरू झाला:

रात्री देशी उसास पाणी

आठ आणि आठ, सोळा. मी खूश! रूमवर मोठ्याने वाचली आणि रूममेट ‘रात्री देशी’वरच हसत सुटला. ‘तू देशी’ म्हणजे ‘तू देतोस’ हे रूप जुन्या कवितेतलं. आज ते कानावर पडलं की लोकांना बाटलीच आठवणार. गणित बरोबर आणि अर्थ चूक, हा प्रकार आपल्याला नवा नाही. यातून शिकलो ते असं, की मात्रा भरायला जुनं रूप उसनं आणायचं नाही. ज्या तोंडाने आपण मित्राशी बोलतो, तेच शब्द ओळीत आले पाहिजेत. मग सापडलं, शब्द तर आमच्याकडे तयारच होता:

रात्र रात्र तू दारं धरली

रात्र तीन, रात्र तीन, तू दोन, झाले आठ. दारं चार, धरली चार, पुन्हा आठ. ‘दारे’ऐवजी बोलीतलं ‘दारं’ घेतलं तरी हिशेब बिघडत नाही, कारण ‘रं’ही गुरूच. फक्त ‘धरलीस’मधला ‘स’ सोडावा लागला, एवढीच सूट घेतली.

आता दुसरी ओळ. गझलेच्या शेरात पहिली ओळ एक गोष्ट मांडते आणि दुसरी तिला कलाटणी देते किंवा उत्तर देते. दोन्ही ओळींत कौतुकच केलं तर दुसरी फुकट जाते. माझी पहिली ओळ त्याने केलेल्या गोष्टीची आहे, तेव्हा दुसरीत शुभेच्छा यायला हवी, पण ‘उदंड’, ‘यश’, ‘भरभराट’ नको. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला वाढदिवशी काय हवं असेल? झोप. ‘धरली’शी जुळणारे शब्द काढले: सरली, भरली, उरली, पुरली. आणि ‘उरली’वर आल्यावर तोंडात आपोआप पुढचा शब्द आला:

रात्र रात्र तू दारं धरली,
आज झोप घे उरलीसुरली.

आज तीन, झोप तीन, घे दोन, उरलीसुरली आठ. पहिल्या ओळीची चाल तीन-तीन-दोन होती, तीच इथेही आली. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण वाचताना दोन्ही ओळी एकाच ठेक्यात पडतात ते त्यामुळेच. नीरेला सोडल्याचा उल्लेख कुठेच नाही. तो त्याला माहीत आहे आणि मलाही, लिहायची गरज नव्हती. खाली साध्या अक्षरांत ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहिलं. तेही यमकात ओढायचा प्रयत्न केला नाही, कारण ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच अठरा मात्रा संपतात.

तुम्ही करून पाहणार असाल तर क्रम हाच ठेवा: आधी खरं वाक्य, मग त्यातली एक गोष्ट, मग मात्रा, आणि शेवटी मोठ्याने वाचन. मी पहिल्यांदा मात्रांपासून सुरुवात केली होती, म्हणून ओळ जमली आणि मित्र हरवला.

संध्याकाळी त्याचा रिप्लाय आला: “आज बी लाईट रातचीच हाय. पण दोनदा वाचलं.”

पुढच्या वर्षी दुसरी ओळ बदलावी लागणार बहुतेक.