काच उजळली, बॉनेट डागाळलं

जूनच्या पहिल्या सरींत द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर बसतो. त्यात धुराचा आणि सांडलेल्या तेलाचा अंश असतो. नुसत्या पाण्याने तो सुटत नाही, वायपर त्याला फक्त पसरवतो आणि समोरून दिवे आले की काच दुधाळ दिसते. मग घरोघरी एकच उपाय होतो: वॉशरच्या टाकीत भांडी घासायच्या लिक्विडची चांगली धार.

लिक्विड वाईट नाही, धार वाईट. दोन-तीन लिटरच्या टाकीत चमचाभरही जास्तच होतं. फेस झाला की पंप हवा ओढतो, फवारा काचेच्या निम्म्यावरच संपतो आणि वाळलेल्या साबणाचा पट्टा मागे उरतो. एवढ्या पातळ साबणाने रंगाचं फारसं बिघडत नाही, पण त्यावरचं वॅक्स मात्र हळूहळू उतरतं.

बॉनेटवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा दोष बहुतेक वेळा साबणाचा नसून पाण्याचा असतो. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार तापलेल्या पत्र्यावर वाळतात, काळ्या गाडीवर ते लगेच उठून दिसतात. तेच क्षार नोझलच्या बारीक भोकातही साचतात. मिश्रण टाकीत ओतण्याआधी त्याचे चार थेंब काळ्या बशीवर ठेवून उन्हात वाळू द्यावेत. पांढरी कडा उरली तर बॉनेटवरही तीच उरणार.

बशी स्वच्छ राहील असं मिश्रण घरी जमतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, त्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस्स. धुण्याचा सोडा घालू नये, त्याचा पांढरा थर उरतो. कूलंट तर मुळीच नको: त्यातलं ग्लायकॉल काचेवर तेलकट पडदा धरतं आणि ते विषारीही आहे.

विकतच्या बाटलीत वेगळं काय असतं? कमी फेसाचा साबण, थोडं अल्कोहोल आणि पाणी नासू नये म्हणून काहीतरी. हा शेवटचा भाग क्षुल्लक नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, वॉशरमध्ये नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांना लिजिओनेअर्स या न्यूमोनियाचा धोका जास्त आढळला. म्हणून घरचं मिश्रण थोडंच करावं आणि टाकीत महिनोन् महिने ठेवू नये. बाटली कॉन्सन्ट्रेटची असेल तर लेबलवरच्या प्रमाणातच पाणी घालावं. तशीच ओतली तर पुन्हा तेच पट्टे.

वायपरच्या रबराचा खरा वैरी मात्र साबण नव्हे, रॉकेल. तेलकटपणा काढायला काही चालक रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा काचेवर फिरवतात. वायपरचं नैसर्गिक रबर ते शोषून फुगतं, त्याची सरळ धार नागमोडी होते आणि पातं थरथरत, उड्या मारत चालतं. धूळभरल्या कोरड्या काचेवर वायपर चालवल्यानेही धार झिजते. उन्हाने कडक झालेलं रबर कुठल्याही पाण्याने, घरच्या वा विकतच्या, पुन्हा मऊ होत नाही. ते बदलावंच लागतं.