औषधपेटी गेली, आडोसा आला

१९९३ च्या ‘डूम’मध्ये जखमी खेळाडू औषधपेटी शोधत फिरायचा. मोठी पेटी उचलली की १०० पैकी २५ गुण तब्येत परत मिळायची. वाट वाकडी करून कोपरे धुंडाळण्यात मजा होती, पण खेळ रचणाऱ्यांची त्यात मोठी अडचण व्हायची. पुढच्या चकमकीत खेळाडू ९० गुणांनी शिरेल की ९ गुणांनी, हे त्यांना कळणार कसं? पहिल्यासाठी ती लढाई पोरखेळ ठरे, दुसऱ्यासाठी अशक्य. त्यात ९ गुणांवर खेळ सेव्ह झाला, की पुन्हापुन्हा तिथेच मरण.

२००१ च्या ‘हेलो’ने मधला मार्ग काढला. अंगावरचं ऊर्जाकवच थोडा वेळ मार चुकवला की आपोआप भरे, त्याखालची तब्येत मात्र पेटीनेच सुधारे. २००५ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’ने पेट्याच काढल्या. पडदा लाल झाला, की भिंतीआड बसायचं आणि काही सेकंदांत पुन्हा ठणठणीत व्हायचं. आता प्रत्येक चकमक पूर्ण तब्येतीचा खेळाडू गृहीत धरून रचता येऊ लागली, म्हणून ती अधिक कठीणही करता आली.

याची किंमतही मोजावी लागली. आधीच्या चुकीचा भार पुढे उरेना आणि लपून बसणं हाच शहाणपणा ठरला. २०१६ च्या ‘डूम’ने ते उलटवलं: घायाळ शत्रूला जवळ जाऊन हातांनी संपवलं, तर तब्येत मिळते. माझ्या मते हाच सर्वांत चांगला तोडगा आहे.